डोक्यातून उगवलेला लाईटचा खांब फोटोतून कसा काढायचा?

प्रश्न: गावाकडे काढलेल्या बाबांच्या फोटोत मागचा लाईटचा खांब बरोबर डोक्यातून उगवल्यासारखा दिसतोय. गिम्पमध्ये हील टूलने पुसला तर केसांजवळ काळपट डाग पडतो. काय चुकतंय?

उत्तर: हील टूल आजूबाजूचा रंग बघून मिसळत जातं, त्यामुळे ब्रश केसांना टेकला की केसांचा काळा रंग आकाशात ओढला जातो. माझ्या आजोबांच्या फोटोत मला हाच त्रास झाला होता, शेवटी जमलं ते असं.

आधी फोटोच्या लेयरची डुप्लिकेट घ्या आणि सगळं काम तिच्यावरच करा, म्हणजे मूळ फोटोला धक्का लागत नाही. मग फ्री सिलेक्टने डोक्याच्या कडेकडेने सिलेक्शन करून ते `Invert` करा आणि एक-दोन पिक्सेल `Feather` द्या, आता ब्रश डोक्यावर गेला तरी चेहरा-केस सेफ. इथे हील नाही, क्लोन टूल वापरायचं, `Ctrl` दाबून खांबाच्या शेजारच्या आकाशावर क्लिक करा आणि डोक्याला लागून असलेला खांबाचा तुकडाच आधी पुसा. सॅम्पल मात्र त्याच उंचीवरचं घ्या, कारण आकाश वर गडद आणि खाली फिकट असतं, वरचं उचलून खाली लावलं की पट्टा दिसतोच. खांब असा डोक्यापासून सुटा झाला की वरचा उरलेला भाग हीलने खुशाल पुसा, तिथे केस जवळ नसल्यामुळे डाग पडत नाही.

तारा विसरू नका हं, खांब गेला आणि तारा हवेत लटकत राहिल्या तर लगेच कळतं. मी सगळ्याच काढल्या, एका टोकाला क्लिक आणि पुढे `Shift` दाबून क्लिक केलं की सरळ रेघ मारली जाते, पण तारेला झोल असतो म्हणून छोटे छोटे टप्पे घ्या.

आता केस. सिलेक्शनमुळे तिथली कड कात्रीने कापल्यासारखी दिसते. सिलेक्शन काढून टाका, छोटा ब्रश घ्या आणि डोक्याच्या त्याच गोलाईवर शेजारी जिथे केसांमागे फक्त आकाश आहे तिथली केसांची कड क्लोनने इथे आणा, सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या, माझा अर्धा तास यातच गेला. खांबाच्या जागी झाड असेल आणि सुट्या केसांमधून पानं दिसत असतील तर मात्र एवढं सोपं नाही, ते सुटे केस पानांसकट पुसून नवीन कड बनवावी लागते.

शेवटी एक टेंपररी `Curves` लावून फोटो खूप गडद करून बघा, आकाशातले ठिगळ असतील तर तेव्हा उठून दिसतात, ते कुठे आहेत हे लक्षात ठेवा, `Ctrl+Z` करून गडदपणा काढा आणि मग ते नीट करा.