स्लाइडवरचा तक्ता खाली का घसरतो?

"पॉवरपॉइंटमध्ये १५ ओळींचा तक्ता पेस्ट केला. अक्षरं ९ पर्यंत बारीक केली तरी तो स्लाइडच्या खाली जातोच, आणि ओळींची उंची कमी-जास्त दिसते. काय करू?"

आधी एखाद्या रिकाम्या चौकटीत क्लिक करून वर फॉन्टचा आकार बघा. बहुतेक तिथे १८ दिसेल. तुम्ही अक्षरं असलेला भाग निवडून ९ केलात, पण रिकाम्या चौकटीचा आकार तसाच राहिला. ओळ तिच्यातल्या सर्वांत उंच चौकटीपेक्षा बुटकी होत नाही, म्हणून जिथे रिकामी चौकट आहे ती ओळ उंचच राहते. शिवाय एकदा वाढलेली ओळ अक्षरं लहान केल्यावर आपोआप आक्रसेल, या भरवशावर राहू नका.

आता थोडा हिशोब. रुंद स्लाइडची उंची १९.०५ सेंमी असते. शीर्षक आणि खालची मोकळी जागा सोडली की साधारण १४ उरतात. १८ च्या अक्षरांची एक ओळ चौकटीतल्या समासासकट सुमारे १ सेंमी घेते, म्हणजे १५ ओळी मावत नाहीत. १४ च्या अक्षरांना साधारण ०.८५ लागतात. पंधरा ओळींचे झाले पावणेतेरा, म्हणजे आरामात बसतात. मग ९ ची गरजच काय? अडचण येते ती मजकूर दुमडल्यावर. सहा ओळींत मजकूर दुसऱ्या रेघेवर गेला तर साडेतीन सेंमी वाढतात आणि तक्ता पुन्हा बाहेर.

म्हणून तक्त्याच्या कडेवर क्लिक करून अख्खा तक्ता निवडा आणि आकार १४ करा. रिकाम्या चौकटीही त्यात येतात. मग आकड्यांचे स्तंभ अरुंद करा आणि वाचलेली रुंदी मजकुराच्या स्तंभाला द्या. बरेचदा एवढ्यानेच दुमडलेल्या ओळी सरळ होतात. वर्डमधून आणलं असेल तर चौकटीत शेवटी एखादा जास्तीचा एंटर दडलेला असतो, तो काढा. त्यानंतर पुन्हा अख्खा तक्ता निवडून तक्त्याच्या Layout टॅबमध्ये Cell Size गटातल्या Height ला ०.१ लिहा. ओळी मजकुराला लागेल तेवढ्याच उंचीवर येऊन थांबतील. कोणती ओळ अजूनही उंच राहते ते बघा, घोळ तिथेच आहे.

Distribute Rows सगळ्यांत शेवटी. लोक तेच आधी दाबतात आणि वैतागतात, कारण ते सध्याचीच एकूण उंची सारखी वाटून देतं. तक्ता बाहेर असेल तर बाहेरच राहतो.

एवढं करूनही थोडं कमी पडलं, तर Cell Margins मध्ये None निवडून बघा. मजकूर खरोखरच दोन-तीन रेघांचा असेल तर मात्र तक्ता दोन स्लाइडवर तोडा. पॉवरपॉइंट उरलेल्या ओळी स्वतःहून पुढच्या स्लाइडवर नेत नाही. स्लाइडची डुप्लिकेट काढून दोन्हींतल्या नको त्या ओळी पुसल्या की शीर्षकाची ओळ दोन्हीकडे राहते, स्तंभांची रुंदीही जुळते.