पावसाळ्याआधी घर बघायला जायचंय, भाडेकरूंना आधी काय नि कसं कळवावं?

प्रश्न: बेळगावात शहापूरमध्ये आमचं वडिलोपार्जित घर आहे. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब, मागचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर कौलारू. मी नोकरीमुळे पुण्यात असतो. दोन वर्षांपासून एक कन्नड कुटुंब भाड्याने राहतंय. माणसं चांगली, भाडं वेळेवर. गेल्या पावसाळ्यात मागं गळत होतं म्हणाले. मेआधी एकदा घर नीट बघायचंय. मागं एकदा गावी आलो तेव्हा न सांगता गेलो, तर घरातल्या वहिनींना ते आवडलं नाही हे स्पष्ट दिसलं. आता पत्र पाठवावं म्हणतो. किती दिवस आधी, काय लिहू? करारात फक्त ‘मालकास पाहणीचा हक्क राहील’ एवढंच आहे.

उत्तर:

तुमच्या करारातली ती ओळ तुम्हाला हक्क देते, पण तो कसा वापरायचा हे सांगत नाही. ही उणीव पत्रानेच भरून काढायची असते. कायदाही इथे तुमच्या करारापेक्षा फार पुढे जात नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, मालकाने किंवा त्याच्या माणसाने ‘वाजवी वेळी’ आत येऊन घराची अवस्था पाहावी आणि दोष दिसला तर तो कळवावा, असं आहे. तासांचा आकडा नाही. त्याच कलमात दुसरी बाजूही आहे: भाडं देणाऱ्या आणि करार पाळणाऱ्या भाडेकरूला मुदतभर विनाअडथळा घर वापरता आलं पाहिजे. घर तुमच्या नावावर असलं तरी ताबा त्यांचा आहे. वहिनींची नाराजी कायद्याच्या बाजूनेही बरोबरच होती.

आकडा हवाच असेल तर केंद्राने २०२१ मध्ये राज्यांसाठी तयार केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात सापडतो: किमान २४ तास आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सूचना, त्यात कारण, तारीख आणि वेळ, आणि सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर जायचं नाही. आग, पूर अशा आणीबाणीला सूट. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. म्हणून पत्रात त्याचा दाखला देऊन दटावू नका. मापदंड म्हणून मात्र चांगला आहे. माझ्या मते २४ तास ही निव्वळ खालची मर्यादा झाली. नेहमीच्या पाहणीला आठ-दहा दिवस द्या, कारण तुम्हाला पुण्याहून यायचंय, गवंडी ठरवायचाय, आणि त्यांनाही घर आवरायचं असतं.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक मालक पत्रात ‘घराची पाहणी करायची आहे’ एवढंच लिहितात आणि मग खासगीपणाची हमी देणारी दोन गोड वाक्यं जोडतात. भाडेकरूचा त्यावर विश्वास बसत नाही, कारण ‘पाहणी’ म्हणजे काहीही असू शकतं. त्याऐवजी कारण खोलीपर्यंत नेऊन लिहा. काय बघायचं हे ठरलं की कोणत्या खोलीत जायचं, किती वेळ लागणार, सोबत कोण लागणार, हे सगळं आपोआप ठरतं. उरलेल्या घरात तुम्हाला जायचं कारणच राहत नाही.

तुमच्या घराचं बघू. मागचं कौलारू गळतं. त्यासाठी बघायचं म्हणजे वासे, रीपा, सरकलेली किंवा फुटलेली कौलं, आणि छपराचं पाणी बाहेर नेणारी पन्हळ. शाकारणी लागेल की चार-दहा कौलं बदलून भागेल, हे गवंडी आतून आणि शिडी लावून बाहेरून बघूनच सांगू शकतो. मागच्या दोन्ही खोल्यांत मिळून पाऊण तास पुरे. पुढच्या स्लॅबसाठी टेरेसवर जायचं, तिथं पाणी जाण्याच्या तोंडाशी कचरा अडकलाय का आणि भेगा आहेत का बघायचं. त्यासाठी जिना बाहेरून असेल तर घरात पाऊलही टाकायला नको. झोपायच्या खोलीच्या छताला ओल आली असेल तरच आत, आणि तेही फक्त ती भिंत.

ती ओल आहे की नाही हे तुम्हाला पुण्यात बसून कसं कळणार? त्यांना विचारून. एप्रिलमध्ये भिंती कोरड्या असतात. गेल्या वर्षीचे डाग, सुटलेले पापुद्रे, मिठाचा पांढरा थर दिसतो तेवढाच. पाऊस चालू असताना कुठं थेंब पडतो हे आत राहणाऱ्यालाच माहीत. म्हणून पत्रातच विचारा: कुठं गळतं, ओल फक्त पावसाळ्यात येते की बारा महिने? फक्त पावसात येत असेल तर दोष छतात किंवा बाहेरच्या भिंतीत असण्याची शक्यता जास्त. उन्हाळ्यातही भिंत ओली राहत असेल तर आधी नळाची किंवा न्हाणीघराची लाइन तपासायची, मग गवंड्याऐवजी प्लंबर आणायचा. या एका प्रश्नाने पत्राचा सूरही बदलतो. तुम्ही तपासायला नाही, त्यांची तक्रार ऐकायला येताय हे त्यांना दिसतं. आणि ते खरंही आहे, छत हे तुमचंच काम.

तारखा दोन द्या, वेगवेगळ्या प्रकारच्या. एक सुट्टीची, एक कामाच्या दिवसाची. घरात कोण कधी असतं हे आपल्याला माहीत नसतं, आणि एकट्या बाईमाणसांना दोन परके पुरुष घरात आलेले नको असतात; नवरा किंवा मोठं कुणीतरी घरी असेल असा दिवस त्यांना निवडता यावा. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्या दिवशी असेल तो दिवस टाळा, रस्तेही बंद असतात नि पाहुणेही असतात. घरात पीयूसीची मुलगी किंवा मुलगा असेल तर परीक्षांचंही विचारून घ्या. तारीख मात्र मेमध्ये फार पुढे ढकलू नका. वळवाचा एखादा जोरदार पाऊस एप्रिल-मेमध्येच येतो, आणि जूनच्या तोंडावर गावातला प्रत्येक गवंडी दुसऱ्याच्या कौलांवर असतो.

साधारण असं पत्र मी लिहीन:

> दि. १५ एप्रिल
> श्री. ______ आणि कुटुंबीय यांस,
> सप्रेम नमस्कार.
> गेल्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात गळत असल्याचं आपण सांगितलं होतं. जूनआधी दुरुस्ती करून घ्यावी म्हणून मला छप्पर बघायचं आहे. रविवार, २६ एप्रिल, सकाळी १०.३० ते ११.३० किंवा गुरुवार, ३० एप्रिल, दुपारी ४ ते ५, यांपैकी जी वेळ सोयीची असेल ती कळवावी. दोन्ही सोयीच्या नसतील तर आपण सुचवाल ती वेळ, शक्यतो ५ मेच्या आत.
> माझ्यासोबत एक गवंडी असेल, आणखी कोणी नाही. आम्हाला स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि टेरेस एवढंच बघायचं आहे. इतर खोलीत ओल असेल आणि ती दाखवावी असं आपल्याला वाटत असेल तरच तिथं येऊ. कपाटं, सामान हलवणार नाही. फोटो फक्त छताचे आणि भिंतीच्या डागांचे, आपल्याला दाखवून. त्याच दिवशी त्यांच्या प्रती आपल्याला पाठवीन.
> कुठं गळतं, ओल पावसाळ्यातच येते की एरवीही, आणि नळ-वायरिंगची आणखी काही तक्रार असेल तर आधी कळवल्यास त्याप्रमाणे माणूस आणता येईल.
> आपण किंवा घरातलं कोणी उपस्थित असल्याशिवाय आम्ही आत येणार नाही.
> आपला,
> ______

हेच खाली कन्नडमध्येही लिहून घ्या. बोलताना मराठी छान समजत असली तरी तारीख, वेळ आणि अटी वाचताना शंका राहू नये. शेजारचं कोणी लिहून देईल. व्हॉट्सॲपवर पाठवा आणि त्यांचं ‘बरं, रविवारी या’ हे उत्तर जपून ठेवा. उत्तर आलंच नाही तर चार दिवसांनी एक फोन, मग स्पीड पोस्टने तेच पत्र. एकाच दिवशी दोन्ही पाठवलं तर साधं घरगुती काम उगाच वकिली वाटायला लागतं.

पत्रात जे लिहिलं नाही ते त्या दिवशी करायचं नाही, आणि इथेच बरेचजण घसरतात. टिळकवाडीत एका ओळखीच्या घरमालकाने नळ बघायला म्हणून वेळ घेतली आणि सोबत एजंट आणला. घर विकायचं मनात होतं. एजंटाने सगळ्या खोल्यांचे फोटो काढले. त्यानंतर ते भाडेकरू कुठल्याच कामासाठी दार उघडेनात, आणि खरी गळती पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहिली. गिऱ्हाइकाला घर दाखवायचं असेल तर वेगळं कारण, वेगळं पत्र, वेगळा दिवस. भाडेवाढ, करार नूतनीकरण, डिपॉझिट यांचाही विषय त्या दिवशी काढू नका, ते फोनवर होतं.

बाकी साध्या गोष्टी. सांगितल्या वेळेला जा, अर्धा तास लवकर नाही. गवंड्याला आधीच सांगा की चपला बाहेर, आणि स्वयंपाकघरात जाण्याआधी घरच्यांना विचारायचं. देवघर तिथंच असेल तर ते थोडा वेळ झाकून ठेवायला सांगतील, तेवढं थांबायचं.

त्यांनी नाहीच म्हटलं तर? एकदा नाही म्हणणं म्हणजे नकार नव्हे, आणखी एक तारीख द्या. दुसऱ्यांदाही टाळलं तर करारातली ती ओळ दाखवून, नेमकं काय बघायचं आणि उशीर झाला तर काय बिघडेल हे लिहून, पोचपावती घेऊन पत्र द्या. त्यापुढे वकील. जुन्या किल्लीने मात्र कधीही आत जाऊ नका, घर रिकामं असलं तरीही. घरात शिरल्याचा गुन्हा, चोरीचा आळ, काहीही मागे लागू शकतं. अपवाद फक्त दारातून पाणी वाहतंय, वायर जळाल्याचा वास येतोय असा. तेव्हाही फोन करत, शेजाऱ्याला सोबत घेऊन जायचं.

पाहणी झाली की त्याच संध्याकाळी चार ओळी पाठवा: काय दिसलं, कुणी दुरुस्त करायचं, कधीपर्यंत. कौलं, वासे, पन्हळ, स्लॅबची भेग तुमच्याकडे. हे काम करारानुसार तुमच्यावर असेल आणि कळवूनही तुम्ही वाजवी वेळेत केलं नाही, तर त्याच कलम १०८ नुसार भाडेकरू ते करून घेऊन खर्च व्याजासह भाड्यातून वळता करू शकतो. उलट, दोष त्यांच्या हातून झाला असेल, समजा टेरेसवर डिश बसवताना भोक पाडून उघडंच ठेवलं, तर लेखी कळवल्यापासून तीन महिन्यांत तो भरून देणं त्यांच्यावर आहे. पण तसं लिहिण्याआधी गवंड्याकडून नक्की करून घ्या की पाणी त्या भोकातूनच येतंय. भोक सुकं ठेवून आजूबाजूला पाणी साठवून दोन दिवस बघितलं की कळतं.

आणि शाकारणीचं काम ठरलं की त्यासाठी पुन्हा कळवा. स्वयंपाकघरावरची कौलं उतरवली की दिवसभर धूळ आणि कचरा खाली पडतो, चूल बंद राहते. त्यांना त्या दिवसाचं जेवण दुसरीकडे करायचं असेल, भांडी झाकायची असतील. त्याची तारीख त्यांनाच ठरवू दे.