भागाकारात शून्य नेमकं कधी लिहायचं?

*मुलगी पाचवीत आहे. दोन अंकी संख्येने भागताना तिचं उत्तर अधूनमधून एक अंक कमी येतं. ‘दोन अंक खाली घेतले की शून्य द्यायचं’ असं तिला शिकवलंय, पण तेही कधीकधी चुकतं. शून्य नेमकं कधी लिहायचं?*

‘दोन अंक खाली घेतले की शून्य’ हा नियम मी शिकवणीत मुलांना विसरायलाच लावते. त्याऐवजी एवढंच धरा: भागाकाराचा पहिला अंक लिहून झाला की त्यानंतर खाली उतरवलेल्या प्रत्येक अंकासाठी भागाकारात एक अंक लिहायचाच. भाग गेला तर जो येईल तो, नाही गेला तर शून्य. लिहिल्याशिवाय पुढचा अंक उतरवायचा नाही.

१४,६५२ ला ३६ ने भागून बघू.

```
       ४०७
     -----
३६ ) १४६५२
     १४४
     -----
       २५
        ०
     -----
       २५२
       २५२
     -----
         ०
```

१ मध्ये ३६ जात नाहीत, १४ मध्येही जात नाहीत, म्हणून सुरुवातीलाच १४६ घेतले. इथे तीन अंक एकदम घेतले तरी शून्य द्यायचं नाही, कारण भागाकार अजून सुरूच झालेला नाही. मुलं इथेच तो नियम लावून गोंधळतात. १४६ मध्ये ३६ चार वेळा जातात, ४ लिहिले ते ६ च्या बरोबर डोक्यावर. बाकी २.

आता ५ उतरवला, २५ झाले. ३६ चा भाग जात नाही. तुमची मुलगी बहुधा इथे लगेच २ उतरवून २५२ करत असेल आणि ७ लिहून ‘४७’ म्हणत असेल. थांबायचं आणि ५ च्या डोक्यावर ० लिहायचं. मग २ उतरवायचा. २५२ साठी अंदाज २५ भागिले ३, म्हणजे ८. पण ३६ गुणिले ८ म्हणजे २८८, जास्त होतात. म्हणून ७.

ते शून्य कशाचं, हे पैशांवर चटकन कळतं. ३६ जणांत १४,६५२ रुपये वाटायचेत. शंभराच्या १४६ नोटा आहेत, प्रत्येकाला चार दिल्या, दोन उरल्या. त्या मोडून दहाच्या वीस नोटा झाल्या, आधीच्या पाच धरून पंचवीस. छत्तीस जणांना दहाची एकेक नोटसुद्धा पुरत नाही. म्हणजे प्रत्येकाच्या हातात दहाच्या नोटा शून्य. त्या पंचवीसही मोडल्या, वरचे दोन रुपये मिळवले, २५२ सुटे झाले, प्रत्येकाला सात. चारशे आणि सात. दशकाची जागा रिकामी सोडली तर शतकातले ४ दशकात घसरतात आणि ४०७ चे ४७ होतात.

हा घोळ दोन अंकी भाजकालाच जास्त का होतो? एक अंकी भाजकाला वजाबाकी ० आली तरी पुढचा एकटा अंक उतरवून भाग जाऊ शकतो, ८४ भागिले ४ मध्ये जातो तसा. दोन अंकी भाजकाला ते शक्यच नाही. वजाबाकी ० आली आणि अजून अंक शिल्लक असेल, तर पुढचा अंक शून्यच. इतकंच नाही, ३६ ने भागताना बाकी १ किंवा २ उरली तरी पुढे शून्यच येणार, कारण एकोणतीसच्या वर संख्या जातच नाही. बाकी ३ आली तर मात्र उतरवलेला अंक बघावा लागतो. ७२,१०८ भागिले ३६ तिला करायला द्या. ७२ ला २, बाकी ०. १ उतरवला, शून्य. ० उतरवला, १० झाले, पुन्हा शून्य. ८ उतरवला, १०८ ला ३. उत्तर २,००३. घाईत १, ० आणि ८ एकदम उतरवणारी मुलं २३ लिहितात, आणि जुना नियम लावणारी २०३.

शेवटचं शून्य तर हमखास निसटतं. १४,७६८ भागिले ३६ मध्ये १४७ ला ४, बाकी ३. ३६ ला १, बाकी ०. मग ८ उतरवला, भाग जात नाही. मुलं ‘४१, बाकी ८’ लिहून वही मिटतात. पण ८ उतरवलाय ना? मग त्याच्या नावाचं शून्य हवं: ४१०, बाकी ८.

भागाकार उजवीकडे कंसाबाहेर लिहायची सवय असेल तर ती काही दिवस बदला. तिथे कोणता अंक कोणत्या जागेचा ते दिसत नाही, त्यामुळे शून्य गळालं तरी कळत नाही. वर लिहिलं की मोकळी जागा लगेच डोळ्यांत येते. आणि गणित सुरू करण्याआधी अंक मोजून ठेवायला सांगा: ३६ ची शंभरपट ३,६००, हजारपट ३६,०००, १४,६५२ त्यांच्या मधे, म्हणजे उत्तर तीन अंकीच. मग ४७ आलं की तिचं तिलाच कळेल. फक्त चुकीचा अंदाज, म्हणजे ४०७ ऐवजी ४०६, यात सापडणार नाही. त्यासाठी बाकी भाजकापेक्षा लहान आहे ना ते बघायचं आणि शेवटी गुणून पडताळा घ्यायचा.