सर्च फर्मला मेल, आणि एमडींची धास्ती

"वय ४९, एका कंपनीत व्हाइस प्रेसिडेंट आहे. डायरेक्टर पदासाठी सर्च फर्मला मेल टाकावा म्हणतो, पण आमच्या एमडींच्या कानावर गेलं तर? महिनाभर मेल ड्राफ्टमध्येच पडून आहे."

चाकणच्या एका कारखान्याचे ऑपरेशन्स प्रमुख असाच ड्राफ्ट घेऊन माझ्याकडे आले होते. मेल पाच फर्मना एकदम जाणार होता. मी विचारलं, "यातलं कोण तुमच्याच कंपनीसाठी माणसं शोधतं?" ते गप्प झाले. मग आठवलं, आदल्या वर्षीचा प्लांट हेड यांतल्याच एका फर्मने दिलेला.

सर्च फर्मची फी कंपनी भरते, उमेदवार नाही. त्यामुळे फर्म कंपनीची असते. ज्या कंपनीचं काम घेतलं तिथली माणसं ठरावीक काळ, बहुधा वर्ष-दोन वर्षं, उचलायची नाहीत, असा शब्दही ती देते. म्हणजे त्या फर्मला लिहून उपयोग नव्हता, धोका मात्र होता. तिचं नाव खोडलं. उरलेल्या चौघांपैकी त्यांच्या उद्योगात काम करणाऱ्या दोनच ठेवल्या, आणि तिथेही info@ वर न पाठवता तो उद्योग सांभाळणाऱ्या भागीदाराच्या नावे लिहायचं ठरलं.

मेल घरच्या जीमेलवरून जाणार म्हणून ते निर्धास्त होते. पण सीव्ही ऑफिसच्या लॅपटॉपवर केलेला. फाइलच्या प्रॉपर्टीज उघडल्या तर तिथे कंपनीचं नाव! शिवाय तो लॅपटॉप कंपनीचा, त्यावर काय उघडलं हे आयटीला दिसू शकतं. घरच्या संगणकावर सीव्ही नव्याने टाइप केला.

मग 'डायरेक्टर' हा शब्द. आपल्याकडे तो फसवा आहे. 'डायरेक्टर, ऑपरेशन्स' हा नुसता हुद्दा असू शकतो. कंपनी कायदा, २०१३ खालच्या संचालकाला डीआयएन क्रमांक लागतो आणि त्याच्यावर कायदेशीर जबाबदाऱ्या येतात. त्यांना हवं होतं पहिलं, वाचताना वाटत होतं दुसरं.

दोन पानांचा मजकूर शेवटी एवढाच उरला:

"सध्या तीन प्लांट आणि सुमारे अकराशे माणसं सांभाळतो, थेट एमडींना रिपोर्ट करतो. पूर्णवेळ ऑपरेशन्स डायरेक्टरची भूमिका शोधतो आहे. बोर्डावरच्या जागेचा आग्रह नाही. पुणे किंवा चेन्नई. नोटीस तीन महिने. माझ्या लेखी संमतीशिवाय सीव्ही कुणालाही पाठवू नये आणि सध्याच्या कंपनीत चौकशी करू नये. संध्याकाळी सातनंतर याच मोबाइलवर बोलता येईल."

पगार मुद्दाम लिहिला नाही. तो फोनवर विचारतातच. संमतीची ओळ म्हणजे कुलूप नव्हे, पण ती लिहिली की नामांकित फर्म सहसा पाळते. तरीही शंभर टक्के गुप्ततेची हमी मी कुणाला देत नाही.

एका फर्मचं उत्तरच आलं नाही. दुसरीने "नोंद घेतली" एवढंच कळवलं, आणि हे गृहस्थ खट्टू झाले. हातात तशी जागा आली तरच फर्म फोन करते, हे मी दोनदा सांगितलं. पाचव्या महिन्यात फोन आला, तोही दुपारी, शॉप फ्लोअरवर. "सातनंतर बोलू," म्हणून त्यांनी ठेवून दिला. संदर्भासाठी त्यांनी दिलं ते निवृत्त झालेल्या जुन्या साहेबांचं नाव.