बाळ असलेल्या घरात कापूर: धुराआधी डबीकडे बघा

"रोज संध्याकाळी घरात कापूर लावतो. वास फार उग्र येतो, डोळे चुरचुरतात. मुलगा १४ महिन्यांचा आहे. एक खिडकी उघडी ठेवली तर चालेल का? की विजेवरची कापूरदाणी घ्यावी?"

तुमचा प्रश्न वाचला आणि तीन वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली. मी डॉक्टर नाही. जे भोगलं आणि नंतर डॉक्टरांकडून खोदून खोदून विचारून घेतलं, तेवढंच लिहिते. तुमच्या बाळाला दमा, फिट्स किंवा दुसरा काही आजार असेल, तर त्याच्या डॉक्टरांचंच ऐका.

खिडकीचं आधी सांगते. जो झणझणीत वास येतो तो जळालेल्या कापराचा नसतो, तो न जळता हवेत गेलेल्या कापराचा असतो. ज्योत चांगली पेटलेली असताना वास त्या मानाने कमी येतो. तीच वडी फुंकर मारून विझवून बघा, पांढरा धूर उठतो आणि नाक-डोळे झोंबतात. म्हणून वडी छोटी घ्या, पूर्ण जळू द्या, मध्येच विझवू नका. नुसती ज्योत म्हणजे स्वच्छ हवा असंही समजू नका. तिच्यापासून बोटभर वर स्टीलची थंड ताटली क्षणभर धरलीत, तर ताटलीवर काजळीचा काळा डाग पडतो. तेच बाळाच्या छातीत जातं.

एक खिडकी पुरत नाही. हवा आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी, म्हणून समोरासमोरची खिडकी आणि दार उघडा, नाहीतर एक्झॉस्ट पंखा लावा. छताचा पंखा वास फक्त फिरवतो आणि साधा एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा देतो. बाळाला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवा. वास गेला की नाही, हे त्याच खोलीत बसून ठरवू नका. नाकाला सवय होते. पाच मिनिटं बाहेर जाऊन परत या, मग खरं काय ते कळतं. विजेवरची कापूरदाणी मला तान्ह्या बाळाच्या खोलीत अजिबात पटत नाही. ती कापूर जाळत नाही, फक्त तापवून त्याची वाफ करते. म्हणजे जे टाळायचं तेच खोलीत तासन्‌तास भरत राहतं.

पण खरं सांगायचं तर, धुराची काळजी मीही हीच आणि एवढीच करत होते, आणि फसले ती दुसरीकडेच.

मुलगी दीड वर्षाची होती, वजन ११ किलो. मी कापूर लावला, खिडक्या उघडल्या, तिला आतल्या खोलीत नेलं. डबी मात्र खालच्या फळीवर राहिली, झाकण नुसतं ठेवलेलं. फोन वाजला म्हणून मी वळले. परत आले तर ती जमिनीवर बसली होती, डबी आडवी, आणि तिच्या ओठांच्या कडेला पांढरा चुरा. तोंडाला कापराचा वास. किती खाल्ला? मला सांगताच येईना, कारण डबीत आधी किती वड्या होत्या तेच माहीत नव्हतं.

मी जवळच्या दवाखान्यात फोन केला. उत्तर आलं, "कापूर नैसर्गिक असतो हो, दूध पाजा, उलटी झाली तर बरंच, उद्या दाखवा." मी त्यावर विश्वास ठेवला. तीसएक मिनिटं मी तिला मांडीवर घेऊन दूध पाजत बसले. मग ती उगीचच चिडचिडी झाली, डोळे एका बाजूला वळले आणि हातपाय झटके मारायला लागले. त्या अर्ध्या तासाचा राग अजून गेलेला नाही. फोनवर एक प्रश्न तरी विचारायचा: वजन किती, किती खाल्लं, किती वेळ झाला. काहीही विचारलं नाही.

मोठ्या रुग्णालयात झटके थांबवायचं औषध दिलं, रात्रभर लक्ष ठेवलं. ती आता छान आहे. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं ते असं: कापूर पोटातून फार लवकर रक्तात जातो आणि थेट मेंदूवर परिणाम करतो. झटके पाच-दहा मिनिटांतही येतात, कधी तासा-दीड तासाने, आणि आधी काही लक्षण दिसेलच असं नाही. यावर उतारा असा नाही, झटके आणि श्वास सांभाळावा लागतो. म्हणून उलटी मुद्दाम करवायची नाही, कारण उलटी चालू असताना झटका आला तर ती फुप्फुसात जाऊ शकते. दूध किंवा तेल पाजायचं नाही, स्निग्ध पदार्थाबरोबर कापूर आणखी पटकन शोषला जातो.

प्रमाणाचा हिशोब त्यांनी कागदावर करून दाखवला. दर किलो वजनामागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त पोटात गेलं असेल, तर वाट न बघता आपत्कालीन विभागात न्यायचं. ११ किलोला ते होतं ३३० मिलिग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमचा तिसरा हिस्सा. घरी येऊन मी आमच्या २० वड्या काट्यावर ठेवल्या, १४ ग्रॅम भरल्या. एक वडी ०.७ ग्रॅम. म्हणजे अर्धी वडीसुद्धा त्या रेषेच्या पुढे. लहान मुलांचे मृत्यू एका ग्रॅमच्या आसपासच्या मात्रेनेही झालेले आहेत. तुमच्या वड्या वेगळ्या असतील, तुम्ही वीस मोजून वजन करा आणि आकडा डबीवर लिहून ठेवा. किती खाल्लं हे माहीत नसेल किंवा मूल जरा वेगळं वागतंय असं वाटलं, तर हिशोब करत बसू नका, निघा. झटका आलाच तर कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, किती वेळ चालला ते घड्याळात बघा.

तिथे मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "कापूरच होता की डांबरगोळी?" मी गडबडले, कारण कपाटात डांबरगोळ्याही होत्या. नॅफ्थलीनची डांबरगोळी रक्ताच्या तांबड्या पेशी फोडू शकते, तेही दोन-तीन दिवसांनी, म्हणून लक्ष वेगळ्या गोष्टींवर ठेवावं लागतं. पाकीट नसेल तर उरलेला तुकडा ग्लासभर साध्या पाण्यात टाका: कापूर तरंगतो, नॅफ्थलीन बुडतं. हे दुसऱ्या कुणाला तरी करू द्या, तुम्ही बाळाला घेऊन दाराबाहेर पडा. डबी आणि पाकीट मात्र बरोबर घ्या.

आता आमच्याकडे कापूर फिरकीच्या झाकणाच्या बरणीत, वरच्या कप्प्यात, कुलपात असतो. लागते तेवढीच एक वडी बाहेर येते. भीमसेनी असला तरी तोच नियम, "शुद्ध आहे" म्हणून तो कमी घातक होत नाही. उशाशी किंवा पाळण्याला कापराची पुरचुंडी बांधू नका, मूल ती चोखतंच. दोन वर्षांखालच्या बाळाच्या छातीला-नाकाला कापूर असलेला बाम लावू नका, कापूर त्वचेतूनही आत जातो.

तुमचा मुलगा १४ महिन्यांचा, म्हणजे उभं राहून फळीपर्यंत हात पोचायला लागलेला. खिडकीचा प्रश्न उद्या सोडवला तरी चालेल. डबी कुठे आहे ते आत्ता उठून बघा.