बायोच्या पहिल्या ओळीत १९ अंश

‘ताई, मी सावद्याच्या एका पॅकहाऊसमध्ये ६ वर्षं क्वालिटी सुपरवायझर आहे. नेदरलँड्सला फळांच्याच कामात जायचं ठरवतोय. लिंक्डइनवरच्या बायोची सुरुवात पदानं करू की एखाद्या प्रसंगानं? दोन्ही मसुदे पाठवलेत. प्रसंग लिहिला तर तिथले लोक हसणार तर नाहीत ना?’

भाऊ, हसणार नाहीत. पण तुम्ही निवडलेला प्रसंग बदलावा लागेल, आणि तो का बदलायचा ते नीट सांगते.

आधी पदाचा मसुदा घेऊ. ‘६ वर्षांचा अनुभव असलेला मेहनती क्वालिटी सुपरवायझर.’ हे सावद्यात कुणाला सांगितलं तर त्याच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहतं: बागेतून आलेले घड, फण्या काढणाऱ्या बाया, चीक धुवायच्या टाक्या, पॅकिंग, प्री-कूलिंग, आणि रात्री-बेरात्री भरायची गाडी. हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यावर असतं. इथे नेदरलँड्समध्ये त्याच शब्दाचा अर्थ एका पॅकिंग लाइनवर एका पाळीत लक्ष ठेवणारा माणूसही होऊ शकतो. मी फैजपूरहून इकडे, रॉटरडॅमजवळ बारेंद्रेख्तला आले तेव्हा माझा बायो ‘सहायक व्यवस्थापक’नं सुरू व्हायचा. पहिल्या मुलाखतीतली सुरुवातीची दहा मिनिटं मी कुणाची सहायक आणि कशाची व्यवस्थापक हे समजावण्यातच गेली. पदाचा अर्थ त्या-त्या गावापुरता असतो. गाव सुटलं की तो सोबत येत नाही, म्हणून परदेशी जाणाऱ्याला प्रसंगाची गरज जास्त.

आता दुसरा मसुदा: ‘आजोबांच्या केळीच्या बागेत, पाटाच्या पाण्यात खेळत मोठा झालो.’ वाचून मला माझं घर आठवलं, खरंच. पण रावेर-यावल पट्ट्यातल्या कुठल्याही पोराला हे वाक्य जसंच्या तसं लिहिता येईल. त्यात तुम्ही काही केलेलं नाही, काही ठरवलेलं नाही. मी प्रसंगाला पहिली कसोटी हीच लावते: शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हे वाक्य स्वतःच्या नावावर खपवता येईल का? येत असेल तर तो प्रसंग नव्हे.

खरा प्रसंग तुमच्या निरोपाच्या शेवटी आहे आणि तुम्ही तो सहज लिहून गेलात. एप्रिलची रात्र, कंटेनरची गाडी दाराशी लागलेली. तुम्ही मधल्या थप्पीतला एक बॉक्स उघडून केळाच्या गरात थर्मामीटरची सुई घातली, तर १९ अंश. कडेच्या बॉक्समध्ये १३ आणि मध्ये १९, कारण थप्प्या इतक्या दाटून लावल्या होत्या की बॉक्सची भोकं एकमेकांसमोर आलीच नाहीत आणि गार हवा आत शिरलीच नाही. मालक म्हणत होते, भरून टाका, कंटेनरमध्ये गार होईल. तुम्ही भरू दिलं नाही. थप्प्या मोडून पुन्हा लावल्या आणि गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी सुटली.

यावर सुरुवात अशी करता येईल. मराठीत लिहिते, इंग्रजी तुम्ही करा:

‘रात्रीचे २ वाजले होते, २० टन केळी भरायला कंटेनर दाराशी उभा होता, आणि मधल्या थप्पीतल्या केळाच्या गराचं तापमान १३ ऐवजी १९ अंश निघालं. मी गाडी थांबवली, हवा खेळेल अशा थप्प्या पुन्हा लावून घेतल्या आणि १३ अंशांवर आल्यावरच माल भरला. जळगाव जिल्ह्यातल्या निर्यात पॅकहाऊसमध्ये मी ६ वर्षं क्वालिटी सुपरवायझर आहे: घड उतरवून घेण्यापासून कंटेनरचं दार बंद होईपर्यंतची तपासणी माझ्याकडे असते.’

फळांच्या धंद्यातला माणूस हे वाचून तुमच्याबद्दल बरंच ओळखतो. सुई सालीवर टेकवून चालत नाही, गरात घालावी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. कडेचा बॉक्स तपासून तुम्ही सही करत नाही. रीफर कंटेनर मुळात गारवा टिकवायला असतो, मधोमध अडकलेला गरम माल गार करायला त्याला फार वेळ लागतो आणि तेवढ्यात केळी वाटेतच पिकायला लागते, हे तुम्ही जाणता. आणि उलट बाजूही: घाईनं फार गार केलं तर १३ अंशांच्या खाली केळीला चरका बसतो, सालीखाली तपकिरी रेषा उमटतात. म्हणून मी ‘गार झाल्यावर’ असं न लिहिता ‘१३ अंशांवर’ लिहिलं. यातलं एकही कौशल्य वेगळं सांगावं लागलं नाही.

त्यात काय नाही तेही बघा. ‘मी कंपनीचं लाखोंचं नुकसान वाचवलं’ नाही. ते तुम्ही मोजलेलं नाही, आणि ‘लाख’ इथे कुणाला कळत नाही, क्विंटलही नाही. टन आणि अंश कळतात. मालकांशी झालेली बोलाचालीही काढली. ज्यांचं मीठ खातो त्यांची तक्रार पहिल्याच ओळीत आली तर वाचणारा सावध होतो.

तिसऱ्या वाक्यात पद आलंच पाहिजे. मी ही चूक केली होती. प्रसंग रंगवण्यात चार-पाच वाक्यं घालवली, पद पार खाली गेलं. एका एजन्सीतल्या बाईंचा फोन आला: ‘छान आहे, पण तुम्ही नक्की काय करता?’ लिंक्डइनवर ‘आणखी पाहा’ दाबेपर्यंत पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, त्यामुळे प्रसंग दोन वाक्यांत आटपायचा.

आणि हे सगळं फक्त तिथेच चालतं, जिथे पद शेजारी आधीच लिहिलेलं असतं. लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीत पद दिसतं, म्हणून खाली प्रसंगाला जागा मिळते. त्या नावाखालच्या ओळीत मात्र प्रसंग अजिबात नको. भरती करणारे लोक शब्द टाकून शोधतात आणि ‘रात्रीचे २ वाजले होते’ असं कुणी शोधत नाही. तिथे इंग्रजी पदाबरोबर इकडच्या जाहिरातींत असतो तो शब्दही टाका: keurmeester AGF. म्हणजे भाजी-फळांची प्रत तपासणारा. सीव्हीच्या माथ्यावर, एजन्सीच्या फॉर्ममध्ये, व्हिसाच्या कागदांवर सरळ पद, वर्षं, ठिकाण. तिथे वाचणारा रकाने जुळवत असतो, त्याला गोष्ट अडथळा वाटते. अर्जासोबतच्या पत्रात प्रसंग चालेल, पण पत्र ज्या जागेसाठी आहे तिच्याशी तो जुळायला हवा. रायपनिंग चेंबरच्या जागेसाठी ही रात्र चपखल बसते. गोदामातल्या हिशेबाच्या जागेसाठी अर्ज करणार असाल तर दुसरा प्रसंग शोधा, नाहीतर पदानंच सुरुवात करा.

एक तयारी अजून ठेवा. इथल्या मुलाखतीत ‘तेव्हा काय परिस्थिती होती, तुमच्यावर काय काम होतं, तुम्ही काय केलंत, काय निष्पन्न झालं’ या क्रमानं खोदून विचारायची पद्धत आहे. पहिली ओळ वाचून तिथूनच सुरुवात होते. किती बॉक्स उघडले? फेरथप्पीनंतर किती तासांनी १३ आलं? माल पोहोचल्यावर तक्रार आली का? तेव्हा त्या रात्रीचं तापमानाच्या रजिस्टरचं पान आधी काढून बघा. त्यात १९ ऐवजी १७ लिहिलेलं निघालं, तर बायोतही १७च लिहा.