सहा ट्रान्झिस्टरच्या एसरॅम सेलमध्ये वाचन आणि लेखनाची वेळ वेगळी का?

प्रश्न: दोन्हीकडे सेलला बाहेरच्या तारांशी जोडणारी तीच वर्डलाइन उघडते, मग वाचायला आणि लिहायला लागणारा वेळ वेगळा कसा?

वाचताना सेलला बिटलाइन, म्हणजे बिट आत-बाहेर नेणारी तार, स्वतः खाली ओढावी लागते, लिहिताना बाहेरचा ड्रायव्हर सेलला ओढतो, म्हणून. सेलमध्ये ० चा १ आणि १ चा ० करणारे, एकमेकांना उलटे जोडलेले दोन इन्व्हर्टर बिट धरून ठेवतात. वाचनाआधी दोन्ही बिटलाइन पूर्ण व्होल्टेजला चार्ज करतात. मग ० असलेल्या बाजूचे चिमुकले ट्रान्झिस्टर त्या बाजूच्या लांबलचक बिटलाइनचं व्होल्टेज हळूहळू उतरवतात. दोन्ही बिटलाइनमध्ये साधारण १०० मिलिव्होल्ट फरक पडला की तो ओळखून बिट सांगणारा सेन्स अँप्लिफायर चालू करायचा. घाई केली तर तो चुकीचा बिट सांगू शकतो. लेखनात दणकट ड्रायव्हर एक बिटलाइन थेट शून्यावर आणतो. सेलमधल्या १ असलेल्या बिंदूचं व्होल्टेज इन्व्हर्टर उलटण्याच्या उंबरठ्याखाली गेलं की उरलेलं काम इन्व्हर्टरच करतात, फक्त तोवर वर्डलाइन उघडी हवी. मात्र पुरवठा व्होल्टेज फार कमी असेल, तर लेखनच रखडू शकतं.